वीज बिलाचा पत्ता एकदाच शोधा: बुकमार्क आणि फोल्डर लावण्याची माझी पद्धत

वीज बिल भरायची शेवटची तारीख, बाहेर डिचोलीचा पाऊस, आणि करंट कधी जाईल याचा नेम नाही. अशा घाईत मी मोबाइलवर वीज बिलाचं सर्च केलं आणि सगळ्यात वरचा दुवा उघडला. पान छान होतं, बिलाची रक्कमही बरोबर दाखवली. पैसे भरून झाल्यावर पाहिलं तर वर आणखी काही रुपये ‘सेवा शुल्क’ म्हणून गेले होते. पुढच्या बिलात मागची थकबाकीही दिसली, कारण पैसे खात्यापर्यंत उशिरा पोचले होते. मी उघडलेलं पान वीज खात्याचं नव्हतंच. ती मधल्या कुणा दलालाची जाहिरात होती आणि तिच्यावर बारीक अक्षरात Sponsored असं लिहिलेलं होतं.

राग आला तो स्वतःचाच. त्याआधी खात्याच्या खऱ्या साइटवर मी निदान दहा वेळा बिल भरलं होतं. पण प्रत्येक वेळी नव्याने शोधायचं आणि वर जे येईल ते उघडायचं, ही सवय. दहा वेळा बरोबर निघालं, अकराव्या वेळी चुकलं.

त्यानंतर मी माझे बुकमार्क नीट लावले. मग साखळीच्या आमच्या काकींच्या लॅपटॉपवर तेच करून दिलं. त्यांचा मुलगा जहाजावर असतो, जाताना जुना लॅपटॉप त्यांना देऊन गेला. खाली लिहिलंय ते बहुतेक त्यांच्या लॅपटॉपवर बसून शिकले, कारण मला सोपं वाटलेलं तिथे एकेक करून अडत गेलं.

काय काय लागेल

कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, त्यात क्रोम. फायरफॉक्स किंवा एज असेल तरी चालेल, बटणांची जागा थोडी वेगळी असते एवढंच. एजमध्ये बुकमार्कला Favorites म्हणतात. शिवाय एक कागद, पेन, आणि घरातली छापील कागदपत्रं: शेवटचं वीज बिल, बँकेचं पासबुक, एटीएम कार्ड, पेन्शनचे कागद. ही कागदं कशाला, ते दुसऱ्या पायरीत येईल. वेळ दीड तास धरा. मोबाइलवरूनही करता येतं, पण पहिली मांडणी मोठ्या पडद्यावर करावी. मोबाइलवर फोल्डर हलवताना बोट नको तिथे लागतं.

## १. आधी कागदावर यादी करा

लॅपटॉप बंदच ठेवा. गेल्या वर्षभरात इंटरनेटवर जाऊन तुम्ही कुठली कामं केलीत, ती लिहा. साइटची नावं नकोत, कामं लिहा. काकींची यादी अशी निघाली: वीज बिल, बँकेत पेन्शन जमा झाली का ते बघणं, मुंबईला मुलीकडे जायचं रेल्वे तिकीट, गाडी किती उशिरा आहे ते बघणं, सत्तरीतल्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा, आणि नोव्हेंबरात काकांचा हयातीचा दाखला. काका पोस्टातून निवृत्त झालेत.

सहाच कामं. त्या म्हणाल्या, ‘‘एवढंच? मला वाटलं शंभर असतील.’’ त्यांच्या लॅपटॉपवर मात्र आधीच बरेच बुकमार्क होते: मुलाचे जुने, जहाजाच्या कंपन्यांचे, क्रिकेटचे. ते आम्ही पुसले नाहीत. ‘मुलाचे जुने’ असा एक फोल्डर करून त्यात ढकलले आणि विसरलो. जुना पसारा आवरत बसलात तर दीड तास तिथेच संपेल.

## २. पत्ता सर्चमधून घेऊ नका, कागदावरून घ्या

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. बुकमार्क म्हणजे साठवलेला पत्ता, त्याहून जास्त काही नाही. साठवलेला पत्ताच खोटा असेल तर पुढची दहा वर्षं तुम्ही अगदी व्यवस्थित, एका क्लिकमध्ये, खोट्या ठिकाणी जात राहाल.

म्हणून पहिल्यांदा पत्ता घ्यायचा तो घरात आलेल्या छापील कागदावरून. बिलावर, पासबुकावर, कार्डाच्या मागच्या बाजूला तो असतो. तो वरच्या पट्टीत हाताने टाइप करा. आमच्या सहा कामांसाठी हे पत्ते घेतले:

```
goaelectricity.gov.in
dslr.goa.gov.in
www.irctc.co.in
konkanrailway.com
jeevanpramaan.gov.in
```

पहिला गोव्याच्या वीज खात्याचा, दुसरा भूमापन आणि भूमी अभिलेख खात्याचा, तिसरा रेल्वे तिकिटांचा, चौथा कोकण रेल्वेचा, पाचवा हयातीच्या दाखल्याचा. बँकेचा पत्ता इथे मुद्दाम दिलेला नाही. तुमची बँक कुठली ते मला ठाऊक नाही, आणि बँकांच्या पत्त्यांचं प्रकरण वेगळं आहे, ते शेवटी.

टाइप करून पान उघडलं की पत्ता एकदा वाचायचा. तो कसा वाचायचा हे काकींना समजावताना मी बरीच अडखळले. शेवटी दुकानाचं उदाहरण कामाला आलं. ‘डिचोली स्टोअर्स, मडगाव’ अशी पाटी दिसली तर दुकान कुठे आहे? मडगावात. पुढे डिचोली लिहिलंय ते नुसतं नाव. इंटरनेटचा पत्ताही तसाच वाचायचा. `https://` सोडून दिल्यावर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधी जे असेल ते खरं गाव. आता हे दोन बघा:

```
https://goaelectricity.gov.in/
https://goaelectricity.gov.in.example.com/bill
```

पहिल्यात रेघेच्या आधी `gov.in` आहे. हा शेवट सरकारी संस्थांनाच मिळतो, म्हणून तो खात्रीचा. दुसऱ्यातही `gov.in` दिसतं, पण ते मधे आहे; रेघेच्या आधी `example.com` आहे. म्हणजे पाटी डिचोलीची, दुकान मडगावात. हा दुसरा पत्ता मी उदाहरणापुरता बनवलाय, पण ठकवणारे पत्ते याच घाटाचे असतात. दुकानाचं उदाहरण ऐकल्यापासून काकी स्वतःच ‘गाव कुठलं?’ म्हणून विचारतात.

दोन गोष्टींनी फसायला होतं. पट्टीजवळ कुलपाचं किंवा सुरक्षिततेचं चिन्ह दिसलं की लोक निश्चिंत होतात. त्या चिन्हाचा अर्थ तुमच्या आणि त्या साइटच्या मधे कुणी वाचत नाहीये, इतकाच. ती साइट कुणाची आहे हे ते सांगत नाही. फसव्या साइटलाही कुलूप असतं. दुसरं म्हणजे मोबाइलवर पट्टी लहान असल्यामुळे पत्ता कापला जातो. त्यावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि मगच वाचा.

## ३. कुठलं पान साठवायचं ते ठरवा

पत्ता खरा असूनही बुकमार्क निकामी निघतो, तो इथे. काकींच्या मुलाने जाण्यापूर्वी त्यांना रेल्वेचा बुकमार्क करून दिला होता. पण त्याने तो तिकीट काढता काढता, मधल्याच पानावर केला. दुसऱ्या दिवशी उघडला तर मुदत संपल्याचा इंग्रजी निरोप. काकींनी ठरवून टाकलं की साइट बिघडली. मग पुन्हा सर्च.

लॉगिन केल्यावर जी पानं दिसतात ती तुमच्या त्या वेळच्या भेटीपुरती असतात. काही मिनिटं हात लावला नाही किंवा बाहेर पडलात की ती संपली. त्यांचा बुकमार्क म्हणजे कालच्या टोकनावर आज डॉक्टरांकडे जाणं. साठवायचं ते दाराचं पान, म्हणजे लॉगिनच्या आधी दिसणारं. रेल्वे तिकिटांसाठी गाडी शोधायचं हे पान बरोबर चालतं:

```
https://www.irctc.co.in/nget/train-search
```

पत्ता लांबलचक असेल, त्यात `session` असा शब्द किंवा अक्षरं-आकड्यांची मोठी माळ असेल, तर समजा की तुम्ही दारातून आत आलाय. मागे जा. प्रश्नचिन्हानंतर `utm_source` किंवा `gclid` दिसलं तर तुम्ही एखाद्या जाहिरातीतून किंवा निरोपातल्या दुव्यावरून आला असणार. तो भाग नुसताच पाळतीसाठी असतो. प्रश्नचिन्हासकट पुढचं पुसून एंटर दाबा. पान तेच उघडलं तर तो छोटा पत्ता साठवा.

एक-चौदाच्या उताऱ्याची गंमत वेगळी आहे. तिथे लॉगिन नाही. तालुका निवडायचा, गाव निवडायचं, सर्व्हे नंबर आणि उपविभाग घालायचा, मग उतारा दिसतो. काकींनी उतारा समोर दिसत असताना बुकमार्क केला, आणि पुढच्या वेळी उघडलं तर रिकामा फॉर्म. उताऱ्याच्या पानाला स्वतःचा असा पत्ता नसतो. फॉर्मचाच पत्ता तसाच राहतो आणि तुम्ही भरलेली माहिती त्यात येत नाही. त्यावर इलाज नाही, पण पळवाट आहे, ती नावात. ती पुढच्या पायरीत.

आणखी एक सापळा: सर्चच्या यादीचंच पान साठवणं. वरच्या पट्टीत `google.com/search` दिसत असेल तर तुम्ही साइट साठवत नसून शोध साठवताय. उद्या त्या यादीत वर कोण असेल, सांगता येत नाही.

योग्य पान समोर आलं की `Ctrl+D` दाबा, किंवा पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाचा तारा दाबा. छोटी चौकट उघडते. त्यात Name म्हणजे नाव, Folder म्हणजे कुठे ठेवायचं. लगेच Done दाबू नका. बहुतेकांचे बुकमार्क बिघडतात ते या चौकटीकडे न बघितल्यामुळे.

## ४. नाव तुमच्या तोंडात येईल ते द्या

चौकटीत आपोआप आलेलं नाव साइटवाल्यांनी दिलेलं असतं. `Welcome to`, `Home`, `Official Website of`, असलं काहीतरी. बुकमार्कच्या पट्टीवर पहिली काही अक्षरंच दिसतात. सहा बुकमार्कांपैकी तीन `Home` आणि दोन `Welcome` असले की पुन्हा सर्चच करावंसं वाटतं.

काकींकडे टेलिफोन नंबरांची एक जुनी डायरी आहे, अ-आ-इ-ई अशी कडेला खाचा असलेली. लाइनमनचा नंबर मी त्याच्या नावाच्या अक्षरात शोधला, मिळाला नाही. ‘ल’मध्येही नव्हता. काकींनी ‘क’चं पान उघडलं. ‘‘करंट गेला की मगच त्याला फोन करते ना मी!’’ तिथेच गॅसवाला ‘स’मध्ये होता, सिलिंडरचा म्हणून. माझ्या मते हीच खरी पद्धत. नाव असं द्यायचं की गरज पडते त्या क्षणी मनात तेच येईल.

त्याला मी एक जोड देते. मराठी नावाच्या पुढे त्याचा रोमन उच्चार चार-पाच अक्षरांत लिहा:

```
वीज बिल vij
एक-चौदा zamin 45/3
रेल्वे तिकीट tikit
गाडी कुठे पोचली gadi
पेन्शन बँक bank
हयातीचा दाखला hayat
```

रोमन अशासाठी, की काकींच्या लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड नाही. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत `vij` टाइप केलं की साठवलेला बुकमार्क खाली ताऱ्यासह दिसतो. नाव नुसतं देवनागरीत असेल तर ते अक्षर टाइप करायलाच अडतं. फक्त बुकमार्कांमध्येच शोधायचं असेल तर पट्टीत `@bookmarks` लिहून Tab दाबा आणि मग `vij` लिहा. मग इंटरनेटवरचं काही मधे येत नाही. काकींना ते @ चिन्ह नको झालं, त्या नुसतं `vij` लिहितात आणि तारा बघून क्लिक करतात. चालतं. तारा नसलेली ओळ मात्र दाबायची नाही, ती सर्चची असू शकते.

आता एक-चौदाची पळवाट. नावातला `45/3` हा सर्व्हे नंबर आणि उपविभाग. इथे मी बनवून लिहिलाय, तुम्ही तुमचा लिहा. रिकामा फॉर्म उघडला तरी त्यात काय भरायचं ते नावातच दिसतं, कपाटातली फाइल काढावी लागत नाही. वीज बिलाच्या बुकमार्कातही बिलावरचा ग्राहक क्रमांक लिहून ठेवता येतो. पण पासवर्ड, पिन, आधार क्रमांक बुकमार्कच्या नावात कधीही लिहू नका. पट्टीवरची नावं शेजारी बसलेल्या कुणालाही वाचता येतात, आणि पुढे सातव्या पायरीत जी प्रत काढायची तिच्यातही ती उघडी छापली जातात.

## ५. फोल्डर कामाच्या वेळेप्रमाणे करा

माझी पहिली मांडणी अशी होती: ‘सरकारी’, ‘खाजगी’, ‘इतर’. कागदावर छान दिसली. महिन्याभरात ‘सरकारी’मध्ये तीसेक गोष्टी जमल्या. गोव्यातल्या माणसाचं अर्धं काम सरकारीच असतं, त्यामुळे त्या नावाने काही वेगळं निघतच नव्हतं. कोकण रेल्वे कशात टाकायची यावर मी पाच मिनिटं घालवली आणि शेवटी ‘इतर’मध्ये टाकली. पुढच्या वेळी ती कुठे ठेवली तेच आठवलं नाही, म्हणून सर्च केलं.

साइट कुणाच्या मालकीची आहे, याचा विचार काम करताना डोक्यात नसतो. ते काम कधी येतं, हा असतो. म्हणून काकींचे फोल्डर असे केले:

- १ दर महिन्याला: वीज बिल, पेन्शन बँक
- २ प्रवास: रेल्वे तिकीट, गाडी कुठे पोचली
- ३ वर्षातून: हयातीचा दाखला, एक-चौदा
- ४ अडचण: ऑनलाइन फसवणुकीची तक्रार
- ५ बघायचं

नावाआधी आकडे घातले की नावांनुसार लावल्यावरही क्रम तोच राहतो. हे पाचही फोल्डर Bookmarks bar वर, म्हणजे पत्त्याच्या खालच्या पट्टीवर ठेवायचे. पट्टी दिसत नसेल तर `Ctrl+Shift+B`. फोल्डर करायला त्या पट्टीवर राइट क्लिक करून Add folder. एखादा बुकमार्क चुकून दुसरीकडे गेला तर `Ctrl+Shift+O` दाबून मॅनेजर उघडा आणि तिथून तो योग्य फोल्डरवर ओढून सोडा. हरवलेले बुकमार्क बहुतेक वेळा Other bookmarks मध्ये सापडतात. चौकट न बघता Done दाबणाऱ्यांचे तिथे ढीग असतात.

फोल्डरच्या पोटात फोल्डर करू नका. एका फोल्डरमध्ये दहाच्या आसपास गेले की दुसरा करा. महिन्याला नक्की लागणाऱ्या एक-दोन गोष्टी, जसं वीज बिल, फोल्डरच्या बाहेर थेट पट्टीवर ठेवल्या तरी हरकत नाही.

‘अडचण’ फोल्डरात काकींना काय ठेवायचं ते सुचेना, कारण अडचण आलेली नव्हती. मी `cybercrime.gov.in` ठेवला आणि नावातच फोन नंबर लिहिला: `फसवणूक तक्रार 1930`. पैसे गेले तर आधी १९३० ला फोन करायचा, साइट नंतर. त्या घाबरलेल्या घटकेला कस्टमर केअरचा नंबर सर्च करायला गेलात तर तिथेही खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात, आणि माणूस एका फसवणुकीतून दुसरीत जातो. म्हणून हा एक बुकमार्क गरज पडण्याआधी हवा.

पाचवा फोल्डर, ‘बघायचं’, माझा आवडता आहे. कुणी निरोपात दुवा पाठवला, वर्तमानपत्रात एखाद्या योजनेचा पत्ता वाचला, की तो थेट वरच्या चार फोल्डरात जात नाही. आधी ‘बघायचं’मध्ये. दुसऱ्या पायरीतलं ‘गाव’ तपासलं, दोन वेळा काम नीट झालं, की मग वर चढवायचा. म्हणजे वरच्या चार फोल्डरांत जे आहे ते पारखलेलं, अशी सवय बसते. ‘बघायचं’मध्ये महिनाभर पडून राहिलेलं मी पुसून टाकते, आणि त्यातलं काही परत हवं झालंय असं अजून झालेलं नाही.

## ६. मोबाइल आणि लॅपटॉप जोडायचे की नाही

मोबाइलच्या क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके दाबले की वर तारा दिसतो. तो दाबला की पान साठतं आणि बहुधा Mobile bookmarks या फोल्डरात जातं. लॅपटॉपवर तो दिसत नाही म्हणून लोक गोंधळतात. दोन्हीकडे एकाच गूगल खात्याने लॉगिन करून सिंक चालू केलंत तरच एकीकडचं दुसरीकडे दिसतं.

स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा लॅपटॉप असेल तर जोडा. घरात एकच कॉम्प्युटर चौघं वापरत असतील तर क्रोममध्ये प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करा, नाहीतर नातवाचे गेम तुमच्या पट्टीवर येतील. सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर क्रोममध्ये लॉगिन करूच नका. बुकमार्क मिळतील खरे, पण निघताना बाहेर पडायला विसरलात तर खातंही तिथेच राहील. तिथे मोबाइलवरचा बुकमार्क उघडा आणि पत्ता बघून हाताने टाइप करा.

मोबाइलवरचा नेहमीचा सापळा म्हणजे एखाद्या ॲपच्या पोटात उघडलेलं पान. फेसबुकवरचा दुवा दाबला की पान बऱ्याचदा त्याच ॲपच्या खिडकीत उघडतं. तिथे जे साठवाल ते क्रोममध्ये येत नाही. त्या खिडकीच्या मेनूतून आधी पान ब्राउझरमध्ये उघडा, पत्ता वाचा आणि मग तारा दाबा.

## ७. बंद करून उघडा, मग प्रत काढा

सगळं लावून झालं की क्रोम पूर्ण बंद करा. पुन्हा उघडा आणि प्रत्येक बुकमार्क एकदा दाबून बघा. लॉगिनचं किंवा पहिलं पान आलं तर ठीक. मुदत संपल्याचा निरोप आला तर तो दाराचा नव्हता, तिसऱ्या पायरीवर परत जा. आमच्या सहापैकी एक असा निघाला, बँकेचा.

मग प्रत. `Ctrl+Shift+O`, वरचे तीन ठिपके, Export bookmarks. एक छोटी एचटीएमएल फाइल तयार होते, नाव `bookmarks_` ने सुरू होणारं. ती पेनड्राइव्हवर टाका किंवा स्वतःलाच ईमेल करा. लॅपटॉप बदलला की त्याच जागी Import bookmarks. मी प्रत धरते ती मुख्यतः एका अपघातासाठी: फोल्डर पुसला की आतलं सगळं जातं आणि क्रोम ‘नक्की का?’ असं विचारत नाही. लगेच लक्षात आलं तर मॅनेजरमध्ये `Ctrl+Z` ने परत येतं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तर प्रतच हवी.

## ८. वर्षातून दोनदा फेरी मारा, बँकेकडे आधी बघा

मी चतुर्थीच्या साफसफाईत एक फेरी मारते आणि एक मार्चमध्ये. प्रत्येक बुकमार्क उघडायचा आणि पत्ता वाचायचा. पान सापडत नसेल तर लगेच पुसू नका. सरकारी साइट रात्री दुरुस्तीसाठी बंद असतात, चार दिवसांनी पुन्हा बघा. Your connection is not private अशी लाल सूचना आली तर पैसे भरायच्या पानावर ती ओलांडून पुढे जाऊ नका, मग साइट खरी असली तरी. आणि बुकमार्क दाबल्यावर भलताच पत्ता उघडला तर थांबा. साइट खरोखर नव्या पत्त्यावर गेलेली असते किंवा जुना पत्ता दुसऱ्याच कुणी घेतलेला असतो. कुठलं ते बुकमार्क सांगू शकत नाही.

बँकांच्या बाबतीत हे सगळीकडे झालंय. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत `.bank.in` या शेवटाच्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. हा शेवट बँकांसाठीच राखलेला आहे, कुणीही उठून घेऊ शकत नाही. स्टेट बँकेचा पत्ता आता `sbi.bank.in` आहे. म्हणजे तुमचा बँकेचा बुकमार्क त्याआधीचा असेल तर तो बहुधा जुन्या पत्त्याचा आहे. आज तो आपोआप नव्याकडे नेत असेल, पण तुमच्या यादीत जुनाच राहतो. नवीन पत्ता उघडल्यावर रेघेच्या आधी `.bank.in` आहे का आणि त्याच्या अलीकडे तुमच्याच बँकेचं नाव आहे का ते बघा. मग जुन्या बुकमार्कवर राइट क्लिक करून Edit घ्या आणि URL च्या जागी नवा पत्ता टाका. नाव आणि फोल्डर तेच राहतात.

काकींच्या लॅपटॉपवरही बँकेचं असंच झालं. चाचणीत बिघडलेला तो एक बुकमार्क आम्ही दाराच्या पानाचा करून दिला होता, पण तो जुन्या पत्त्याचा होता. काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. ‘‘अगो, मी पेन्शन बँक दाबलं तर पत्ता दुसराच आला. मी काही लिहिलं नाही, तसंच ठेवलंय.’’ मी विचारलं, ‘‘काकी, गाव कुठलं आहे?’’ त्यांनी एकेक अक्षर वाचून दाखवलं, शेवटी बँक, टिंब, इन. तरी म्हणाल्या, फोनवर नको, उद्या शाखेत जाऊन नोटीस बोर्डावरचा बघून येते. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन: बोर्डावर तोच आहे, आता ते राइट क्लिक म्हणजे उजवीकडचं बटण ना?